शेवटचं षटक आणि ओल्या वाळूतली चप्पल

मे महिन्यात चाकरमानी गावी आले की आमच्या देवगड तालुक्यातल्या गावात वाड्यावाड्यांची टेनिस बॉल स्पर्धा होते. सामने सहा-सहा षटकांचे. यंदा अंतिम सामन्याचा ९० सेकंदांचा हायलाइट आणि त्यावरचा आवाज, दोन्ही माझ्याकडे आलं.

पहिला मसुदा मी अडीचशे शब्दांचा लिहिला आणि पहिल्या चेंडूपासून वरच्या पट्टीत बोललो. ऐकताना दम लागत होता. आमच्या क्लबचे स्कोअरर माझे चुलते. त्यांनी अर्ध्यातच थांबवलं. "अरे झिला, सुरवातीपासूनच बोंबलतस, मगे शेवटच्या ओव्हरीक काय करतलस?"

त्यांचं म्हणणं बरोबर होतं. शिवाय आणखी एक अडचण होती. मैदानावरच्या भोंग्यातलं समालोचन चित्रीकरणात आलं होतं आणि त्यावर माझा आवाज, म्हणजे दोन माणसं एकदम बोलत होती. मग मी प्रत्येक चेंडूचे दोन भाग केले. गोलंदाज धावत येईपर्यंत मी बोलायचं, मूळ आवाज जवळजवळ बंद. चेंडू हातातून सुटला की मी गप्प. बॅटचा टणत्कार, लोकांचा आरडाओरडा आणि भोंगा, सगळं मोकळं सोडायचं. असं केल्यावर संहिता १३० शब्दांवर आली. जोर चढवायला ओरडावंही लागलं नाही. वाक्यं आखूड होत गेली की जोर आपोआप येतो.

गोष्ट कुणाची सांगायची, हे मात्र आधीच ठरलं होतं. शेवटचं षटक टाकणारा डावखुरा पोरगा ट्रॉलरवर खलाशी आहे. १ जूनला मासेमारी बंद होईपर्यंत बोट रोज समुद्रात, म्हणून तो सरावाला कधीच दिसत नाही. अंतिम सामन्याच्या दिवशीही पहाटे जेटीला लागून थेट मैदानावर आला होता. मी त्याच्या कष्टांवर चार वाक्यं लिहिली होती. परवानगी मागायला गेलो तर म्हणाला, "गरीब-बिरीब म्हणा नको. बॉल खय पडता ता सांग."

आणि त्यानेच दाखवलं. ओहोटीला किनाऱ्यावर जी ओली, घट्ट वाळू उघडी पडते, तिथे तो चप्पल ठेवतो आणि बावीस पावलांवरून चेंडू टाकतो. ओल्या वाळूत प्रत्येक टप्प्याचा खळगा राहतो. दहा चेंडूंनंतर जाऊन खळगे बघायचे, किती चपलेजवळ, किती लांब. भरती आली की पाटी कोरी. हे चार सेकंदांचं दृश्य मी दुसऱ्या दिवशी जाऊन घेतलं आणि पाचव्या चेंडूच्या अगदी आधी बसवलं.

शेवटच्या षटकात समोरच्यांना ८ हव्या होत्या. निर्धाव, एक, चौकार. तीन चेंडूंत ३. चौथा निर्धाव. इथे मी सावकाश बोललो: "हा टप्पा त्याने मैदानावर नाही शिकला. ओहोटीच्या वाळूत, एका चपलेवर शिकला." मग वाळूतले खळगे, मग त्याचा धावता रनअप, आणि मी गप्प. यॉर्कर. मधली यष्टी आडवी. चित्रीकरण सेकंदाला ६० फ्रेमचं होतं, म्हणून तेवढा चेंडू निम्म्या वेगाने दाखवता आला. शेवटच्या चेंडूवर एकच धाव निघाली, आपण १ धावेने जिंकलो.

आवाज रात्री पंखा बंद करून, डोक्यावर गोधडी घेऊन रेकॉर्ड केला. फोन तोंडापासून वीतभर, पण किंचित बाजूला. समोर धरला की प, फ, भ या अक्षरांना वाऱ्याचा फटका बसतो.

मथळ्यांचा नियम एकच ठेवला: मी जे बोलतोय ते पडद्यावर लिहायचं नाही. चार शब्दांच्या आत, दोन सेकंद.

६ चेंडू. ८ धावा.
लक्ष्य: एक चप्पल
यॉर्कर!
१ धाव. चषक आपला.

पांढरी अक्षरं दुपारच्या उन्हातल्या मैदानावर विरघळत होती, म्हणून मागे काळी पट्टी दिली. तयार फाइल उघडली तर "यॉर्कर"चा रफार कापला गेला होता, पडद्यावर "यॉकर"! ओळीची उंची कमी ठेवली की मराठीत वरचे रफार आणि खालचे उकार असे छाटले जातात. संपादनाच्या पडद्यावर ते नीट दिसत होतं, म्हणून शेवटची फाइल फोनवर उघडूनच तपासायची. उंची वाढवली, पुन्हा काढली.

पोराला ती बोटीवर असतानाच मिळाली. संध्याकाळी जेटीवर भेटला तेव्हा म्हणाला, "इंजिनाच्या आवाजात तुझा काय एक आयकाक येवक नाय. पण चप्पल वाचली. सगळ्या खलाश्यांनी वाचली."