कॉस्ट शीट तपासताना: प्राईम कॉस्टपासून विक्री किमतीपर्यंत

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लहान मशीन शॉपची कॉस्ट शीट तपासायला आली की मी शेवटचा आकडा आधी झाकून ठेवतो. तो पाहिला की मन लगेच "बाजारात एवढाच दर चालतो" असं म्हणायला लागतं आणि वरच्या ओळी नुसत्या चाळल्या जातात. शीटमधल्या चुका दोन्ही बाजूंना ओढतात. काही खर्च फुगवतात, काही दाबतात. त्यामुळे शेवटची किंमत पटण्यासारखी दिसली तरी आतली मांडणी चुकलेली असू शकते. इथे घेतलेली शीट अशीच होती. तिच्यात दर नगामागे विक्री किंमत १९२ रुपये ७० पैसे लिहिली होती, आणि ग्राहकाला दर महाग वाटत होता.

काम साधं होतं. ईएन-८ च्या ४० मिमी व्यासाच्या ब्राईट बारमधून १२० मिमी लांबीची पिन, सीएनसीवर टर्निंग, बाहेरून इंडक्शन हार्डनिंग. लॉट १,२०० नगांचा.

मटेरियलची ओळ मी बिलावरून तपासत नाही, बारवरून तपासतो. १२० मिमीच्या पिनला बँडसॉची फट आणि फेसिंग धरून १२३ मिमीचा तुकडा लागतो. ३ मीटरच्या बारमधून २४ तुकडे पडतात आणि ४८ मिमीचं टोक उरतं. ते टोक या पिनला उपयोगाचं नाही, म्हणून त्याचा भारही याच २४ तुकड्यांवर बसला पाहिजे. ४० मिमीच्या ३ मीटर बारचं वजन साधारण २९.६ किलो भरतं, म्हणजे १,२०० तुकड्यांना ५० बार, १,४८० किलो. पुष्कळ शीटमध्ये इथे तयार पिनचं वजन, म्हणजे ९०० ग्रॅम, गुणलेलं सापडतं. तसं केलं तर ४०० किलो पोलाद हिशेबातून गायब होतं. या शीटमध्ये वजन बरोबर होतं. दर किलोला ७० रुपये, रक्कम १,०३,६०० रुपये आणि बार आणण्याचं भाडं २,४०० रुपये.

चूक पुढे होती. मटेरियलच्या रकमेत १८ टक्के जीएसटी, म्हणजे १८,६४८ रुपये, मिळवलेला होता. इनपुट क्रेडिट मिळत असेल तर तो कर खर्च नाही, येणं आहे. इन्स्टिट्यूट ऑफ कॉस्ट अकाउंटंट्स ऑफ इंडियाचं मटेरियल कॉस्टचं मानक, सीएएस-६, हेच सांगतं. कंपोझिशन योजनेतल्या युनिटला मात्र क्रेडिट मिळत नाही, तिथे कर खर्चातच राहतो. म्हणून ही ओळ खोडण्याआधी युनिट कोणत्या पद्धतीने कर भरतं हे विचारून घ्यावं. इथे क्रेडिट घेतलं जात होतं.

दुसरी गोष्ट भंगाराची. हिशेबाने ४०० किलो निघायला हवं, वजनकाट्याच्या पावतीवर ३८० किलो दिसलं. वीसेक किलो करवतीचा भुसा आणि कूलंटच्या गाळात जातं, हा फरक पटण्यासारखा आहे. २५ रुपये दराने ९,५०० रुपये आले होते, पण ते वर्षाच्या इतर उत्पन्नात टाकले होते. ते या लॉटच्या मटेरियलमधून वजा व्हायला हवेत. मग मटेरियलचा निव्वळ खर्च ९६,५०० रुपये उरतो.

मजुरीची ओळ बऱ्यापैकी नीट होती, पण तपासायची रीत सांगतो. सायकल टाइम मशीनच्या स्क्रीनवर दिसतो. इथे तो ५ मिनिटं १० सेकंद होता. पण पिन काढून नवा तुकडा चकमध्ये धरायला सुमारे ५० सेकंद जातात आणि ते स्क्रीनवर मोजले जात नाहीत. म्हणून नगामागे ६ मिनिटं, एकूण १२० तास. ऑपरेटरचा ताशी दर ११० रुपये धरलेला होता. तो आला कुठून हे पाहिलं. पगार, मालकाच्या वाट्याचे पीएफ-ईएसआय आणि बोनस धरून महिन्याला २०,९०० रुपये खर्च. भागाकार २०८ तासांनी नव्हे, रजा-सुट्ट्या वजा जाऊन प्रत्यक्ष मिळणाऱ्या १९० तासांनी. बरोबर आहे. २०८ ने भागलं असतं तर दर शंभराच्या आसपास दिसला असता आणि सुट्टीचा पगार कुणाच्याच माथी बसला नसता. बर काढायला ४० तास, ताशी ७५ रुपये. मजुरी एकूण १६,२०० रुपये.

इंडक्शन हार्डनिंगचं जॉबवर्क, नगाला ९ रुपयांप्रमाणे १०,८०० रुपये, शीटमध्ये कारखाना ओव्हरहेडखाली होतं. हे बिल या पिनसाठीच येतं. पिन नसती तर ते आलं नसतं, म्हणून तो थेट खर्च आहे आणि प्राईम कॉस्टमध्ये बसतो. बेरजेत फरक पडत नाही म्हणून लोक दुर्लक्ष करतात. पण जिथे ओव्हरहेड प्राईम कॉस्टच्या टक्क्यावर लावतात, किंवा जॉबवर्कची बिलं वर्षाच्या ओव्हरहेड बजेटमध्येही शिरलेली असतात, तिथे ते चुकीच्या जागी पडलं की आकडा हलतो. म्हणून वार्षिक ओव्हरहेडची यादी मागवून त्यात जॉबवर्क शोधलं. यादीत ते नव्हतं, त्यामुळे दुहेरी मोजणी झालेली नव्हती.

तर प्राईम कॉस्ट: ९६,५०० अधिक १६,२०० अधिक १०,८००, म्हणजे १,२३,५०० रुपये. शीटमध्ये १,४०,८४८ होते.

खरं डोकं लागतं ते ओव्हरहेडच्या दराला. वर्षाचा कारखाना ओव्हरहेड ३६ लाख रुपये: वीज, घसारा, शेडचं भाडं, सुपरवायझर, इन्सर्ट, कूलंट, देखभाल. मशिनी चार, दिवसाला दोन शिफ्ट, शिफ्टचे ८ तास, वर्षाचे ३०० दिवस. मशीनमागे ४,८०० तास, चार मशिनींचे १९,२००. शीटमध्ये ३६ लाखांना याच आकड्याने भागून ताशी १८७ रुपये ५० पैसे दर काढला होता.

कागदावर गणित बिनचूक आहे, आणि तरीही दर चुकीचा आहे. १९,२०० तास म्हणजे सेटिंग नाही, इन्सर्ट बदलणं नाही, वीज गेली नाही, ऑपरेटर आजारी नाही. असं वर्ष कुठल्याच शॉपला मिळत नाही. भागायचं ते सामान्य क्षमतेने, म्हणजे हे अटळ थांबे वजा करून नेहमी हाती लागणाऱ्या तासांनी. क्षमतेविषयीचं मानक सीएएस-२ हीच कल्पना मांडतं. मी मागच्या तीन वर्षांची लॉगबुकं काढायला सांगितली. उत्पादन चालू असलेले तास साधारण तीन-चतुर्थांश भरत होते, म्हणून १४,४०० तास धरले. दर झाला ताशी २५० रुपये. १२० तासांना ३०,००० रुपये लागतात, शीटमध्ये २२,५०० लागले होते.

उलट चूकही होते. एखादं वर्ष मंदीचं गेलं, मशिनी ९,००० तासच चालल्या, म्हणून त्यांनी भागून दर ४०० करायचा, असा मोह होतो. मग रिकाम्या मशीनचा खर्च उरलेल्या ग्राहकांवर पडतो, दर महागतो, आणखी ऑर्डरी जातात. ती रक्कम दरात घालायची नसते. कमी आकारला गेलेला ओव्हरहेड म्हणून ती वर्षअखेरीस नफातोट्यात वेगळी दिसली पाहिजे.

आणि एक बारीक मुद्दा. १४,४०० मध्ये सेटिंगचे तास वगळले असतील, तर जॉबवर ओव्हरहेड लावतानाही सेटिंगचे तास मोजायचे नाहीत. भाजकात जे तास घेतले, तेच जॉबवर मोजायचे. सुपरवायझर म्हणाला, "साहेब, सेटिंगला चार तास गेले, ते कुठे धरले?" ते २५० च्या दरातच आहेत. वेगळे लावले तर दोनदा लागतील.

यानंतरचं भराभर होतं. कारखाना खर्च १,५३,५००. ऑफिसचा खर्च त्यावर ८ टक्के, १२,२८०. पॅकिंग आणि टेम्पो ४,६२०. एकूण विक्री खर्च १,७०,४०० रुपये, नगाला १४२ रुपये.

आता मार्जिन. मालकाने "विक्रीवर वीस टक्के" असं लिहून दिलेलं होतं. शीटच्या सेलमध्ये पहिलं सूत्र होतं, हवं होतं दुसरं:

```
=B14*1.2
=B14/(1-0.2)
```

पहिल्याने १७० रुपये ४० पैसे येतात, दुसऱ्याने १७७ रुपये ५० पैसे. पहिल्या किमतीत नफा २८ रुपये ४० पैसे, म्हणजे विक्रीच्या १६.६७ टक्केच. ताळा सोपा आहे: किमतीतून खर्च वजा करा आणि किमतीनेच भागा. १७७.५० वजा १४२ म्हणजे ३५.५०, भागिले १७७.५०, बरोबर ०.२०. "वीस टक्के" कशावर हे तोंडी ऐकून पुढे जाऊ नये, शीटवर लिहून घ्यावं. व्यापारी माणूस बहुधा खर्चावरचे टक्के बोलतो, खरेदी विभाग विक्रीवरचे.

म्हणजे शीटमधले १९२.७० हे दोन मोठ्या वाढीव चुकांतून (जीएसटी आणि भंगार) दोन दाबणाऱ्या चुका (तासांचा दर आणि मार्जिनचं सूत्र) वजा जाऊन आलेले होते. फक्त मार्जिनचं सूत्र दुरुस्त केलं असतं तर दर २०० च्या वर गेला असता.

एक दुरुस्ती अजून उरते, ती नाकारलेल्या नगांची. हार्डनिंगनंतरच्या तपासणीत १,२०० पैकी २४ नग बाद होतात, आणि हे प्रमाण या कामात नेहमीचं आहे. बाद नगावरही पोलाद, तास आणि हार्डनिंग खर्च झालेलं असतं, म्हणून भागाकार चांगल्या १,१७६ नगांनी करायचा. त्यांचं भंगार पाचशे-साडेपाचशे रुपयांचं, ते सोडून दिलं. नगाचा खर्च १४४ रुपये ९० पैसे आणि विक्री किंमत १८१ रुपये १२ पैसे, जीएसटी वेगळा. बाद नगांचं प्रमाण अचानक दुप्पट झालं तर तो वाढीव भाग मात्र दरात न घालता वेगळा नुकसानीत दाखवायचा, कारण त्याचं कारण बहुतेक कॉइलच्या सेटिंगमध्ये असतं, ग्राहकाच्या ऑर्डरमध्ये नाही.

ग्राहकाशी दर ठरवताना पोलादाच्या भावाची अटही याच शीटवरून काढता येते. बारचा दर किलोला १ रुपयाने वाढला की लॉटला १,४८० रुपये वाढतात. त्यावर ऑफिसचे ८ टक्के, चांगल्या नगांनी भागाकार आणि विक्रीवरचं मार्जिन धरलं की नगाला सुमारे १ रुपया ७० पैसे होतात. कोटेशनमध्ये हा आकडा आणि त्याच्यासमोर ७० रुपयांचा मूळ दर, दोन्ही लिहून दिले.