पाऊण तासातली शेती

मी सांगलीत, मन्या नागपुरात. दोघांचा मिळून मोकळा वेळ म्हणजे मंगळवारी पोरं झोपल्यावरचा पाऊण तास. मागचा गेम सोडला, कारण सेव्ह पॉइंट यायच्या आतच कुणाला तरी उठावं लागायचं.

आज स्टारड्यू व्हॅली लावला. त्यातला दिवस साधारण 14 मिनिटांचा, आणि दोघंही झोपायला गेले की सेव्ह. तीन दिवस बरोबर बसले! फक्त मेनू उघडला तरी घड्याळ थांबत नाही, म्हणून कामं आधीच वाटून घेतली: पाणी मी, लाकूड तो.

शेत माझ्या कॉम्प्युटरवर आहे, मी चालू केल्याशिवाय मन्याला येता येत नाही. म्हणून मीही एकटा उघडणार नाही, असं त्याला सांगितलंय. पहिल्या दिवशी लावलेले पार्सनिप चार दिवसांत तयार होतात. काढणी पुढच्या मंगळवारी, दोघांनी मिळून.