गड्ड्यातला ग्रुप फोटो: काकांचा चेहरा, विभूतीचे पट्टे आणि दोन पद्धती

सध्या एकाच छायाचित्रावर काम चालू आहे. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या श्रीसिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे आपल्या सोलापूरकरांच्या गड्ड्यात, आमच्या घरातील मंडळी पांढरी बाराबंदी घालून ओळीने उभी आहेत आणि मधोमध उभ्या असलेल्या थोरल्या काकांचे डोळे नेमके मिटलेले आहेत. त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोत त्यांचे डोळे उघडे आहेत आणि हसूही छान आहे. मात्र तिथे त्यांची मान स्वतःच्या उजवीकडे वळलेली आहे आणि तोंडावर मांडवाची सावली आहे. काकांचा चेहरा काकांच्याच धडावर, त्यांना विचारूनच बसवायचा असल्यामुळे परवानगीचा प्रश्न नव्हता. चेहरा बदलण्याचे प्रयोग याच मर्यादेत करावेत, असे माझे मत आहे.

पहिला प्रयोग जुन्या लँडमार्क पद्धतीने केला. डीलिब या लायब्ररीचे मॉडेल चेहऱ्यावर ६८ बिंदू, म्हणजेच लँडमार्क, शोधते: जबड्याची कड, भुवया, नाक, डोळे आणि ओठ. या बिंदूंना डिलॉनी पद्धतीने जोडले की शंभराहून थोडे अधिक त्रिकोण तयार होतात, आणि मूळ, म्हणजे उघड्या डोळ्यांच्या, फोटोतील प्रत्येक त्रिकोण ताणून किंवा दाबून लक्ष्य, म्हणजे ग्रुप, फोटोतील जोडीच्या त्रिकोणावर बसवला जातो. या सगळ्यात एकही पिक्सेल कल्पनेने येत नाही, जे आहे तेच सरकते. काकांच्या डाव्या गालावरचा तीळ जिथे हवा तिथेच आला, डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्याही त्यांच्याच राहिल्या, आणि या पद्धतीचे खरे बळ हेच आहे.

अडचण उजव्या गालाची होती. मान वळलेली असल्यामुळे मूळ फोटोत तो गाल जेमतेम दिसतो, त्यामुळे तिथले त्रिकोण काही पिक्सेलांच्याच रुंदीचे आहेत. समोर पाहणाऱ्या चेहऱ्यावर बसवताना ते अनेक पटींनी ताणले गेले आणि गालाला आडव्या ओढल्यासारख्या रेघा आल्या. कॅमेऱ्याने जे टिपलेच नाही, ते ताणून निर्माण होत नाही. दोन्ही फोटोंत मान जवळजवळ सारखी असेल तर ही पद्धत आजही मला पहिली निवड वाटते, पण वळण वाढत गेले की ती झपाट्याने कोसळते.

दुसरी अडचण प्रकाशाची. त्रिकोण बसवल्यावर कडा जुळवण्यासाठी ओपनसीव्हीमधील `seamlessClone` वापरले. हे फंक्शन २००३ साली प्रसिद्ध झालेल्या प्वासाँ पद्धतीवर आधारलेले आहे. चेहऱ्याच्या सीमेवरचे रंग लक्ष्य फोटोतून घ्यायचे आणि आतील चढउतार मूळ फोटोतील ठेवायचे, असा त्याचा हिशेब असतो. त्यामुळे कड दिसेनाशी झाली आणि त्वचेचा रंगही जुळला. पण नाकाची सावली हा आतील चढउतारच असल्यामुळे ती जशीच्या तशी आली. ग्रुप फोटोत दुपारचे ऊन काकांच्या उजव्या बाजूने पडते, शेजारी उभ्या असलेल्या सगळ्यांच्या नाकांची सावली डाव्या गालाकडे आहे, आणि एकट्या काकांची उजवीकडे. फोटो आडवा उलटा करून पाहिला की हा दोष चटकन पकडता येतो.

यानंतर डिफ्युजनचे इनपेंटिंग हाती घेतले. इथे विचारच वेगळा आहे. मास्कने झाकलेल्या भागात नॉइज, म्हणजे वेडेवाकडे ठिपके, भरली जाते आणि मॉडेल आजूबाजूच्या चित्राकडे पाहून पायरीपायरीने ती कमी करत नवा चेहरा रंगवते. स्टेबल डिफ्युजनच्या इनपेंटिंग मॉडेलला एका वेळी नऊ चॅनल दिले जातात: चार नॉइज असलेल्या लेटंटचे, म्हणजे मॉडेल आतून वापरते त्या चित्राच्या आकसलेल्या रूपाचे, चार झाकलेल्या चित्राचे आणि एक मास्कचा. शेजारचे ऊन त्याला असे 'दिसत' असल्यामुळे नाकाची सावली योग्य बाजूला आली आणि उजवा गालही भरून निघाला. मात्र तो गाल काकांचा नव्हता. ओळख टिकवण्यासाठी आयपी-अ‍ॅडॅप्टरच्या फेसआयडी प्रकारातून मूळ चेहऱ्याचा ५१२ आकड्यांचा वेक्टर, म्हणजे चेहऱ्याचे आकड्यांतले वर्णन, दिला होता; पण तो वेक्टर मुळात प्रकाश किंवा कोन बदलला तरी माणूस ओळखू यावा यासाठी शिकवलेला असतो, तीळ नेमका कुठे आहे याची नोंद त्यात नसते. तीळ गेला, सुरकुत्या निम्म्या झाल्या. काकूंनी स्क्रीनकडे पाहून निकाल दिला, “हे तुझे काका नव्हेत, त्यांचे चुलतभाऊ शोभतात.” गंमत अशी की वेक्टरांची तुलना करणारा गुणांक या चित्राला चांगले गुण देत होता. त्यात नवल काही नाही: ज्या जातीच्या वेक्टरवरून चेहरा काढला, त्यानेच तो तपासणे म्हणजे आपलाच पेपर आपणच तपासणे होय. म्हणून तपासणीसाठी मी तीळ, कानाची पाळी आणि दातांमधील फट यांवरच भर देतो.

विभूतीचे प्रकरण मला सर्वांत बोलके वाटले. डीलिबचे ६८ बिंदू भुवयांपाशी संपतात, कपाळावर एकही बिंदू नसतो. त्यामुळे जुन्या पद्धतीत कपाळ लक्ष्य फोटोतीलच राहिले आणि त्यावरचे विभूतीचे तीन पट्टे जागचे हलले नाहीत. डिफ्युजनसाठी मात्र मी मास्क फेट्याच्या कडेपर्यंत काढला होता, तर मॉडेलने पट्टे पुसून त्या जागी पांढुरकी चमक रंगवली. मास्क भुवयांच्या खाली आणल्यावरही पट्टे किंचित मऊ दिसत राहिले, कारण संपूर्ण चित्र लेटंटमध्ये जाते, तिथे त्याची लांबी-रुंदी एक-अष्टमांश होते आणि परत येताना मास्कबाहेरचे पिक्सेलही थोडे बदलतात. म्हणून शेवटी मास्कबाहेरचा सगळा भाग ग्रुप फोटोच्या मूळ फाइलमधून पुन्हा वर चिकटवावा लागतो. याच एक-अष्टमांशामुळे ग्रुप फोटो थेट देऊनही चालत नाही: ९० पिक्सेल रुंदीचा चेहरा लेटंटमध्ये जेमतेम अकरा घरांचा उरतो आणि तेवढ्यात डोळे धड येत नाहीत. चेहऱ्याभोवतीचा चौकोन कापून ५१२ पिक्सेलांपर्यंत मोठा करायचा, काम झाले की लहान करून जागेवर ठेवायचा.

आता जी वाट धरली आहे ती दोन्हींच्या मधली आहे. आधी त्रिकोणांनी चेहरा बसवायचा, रेघा आणि चुकीची सावली तशीच राहू द्यायची, आणि तेच चित्र कमी `strength`, म्हणजे किती नॉइज भरायची तो आकडा कमी, ठेवून डिफ्युजनला द्यायचे.

```
out = pipe(prompt="elderly man, afternoon sun from the side",
           image=warped, mask_image=mask,
           strength=0.35, num_inference_steps=30).images[0]
```

इथे ३० पैकी शेवटच्या १० पायऱ्याच चालतात, कारण नॉइज पूर्ण भरली जात नाही आणि खालचा बसवलेला चेहरा तिच्यातून डोकावत राहतो. ०.२ ला उजव्या गालावरच्या रेघा गेल्या नाहीत, ०.६ ला तीळ पुन्हा नाहीसा झाला, ०.३५ च्या आसपास तीळ राहिला आणि रेघा मिटल्या. नाकाची चुकीची सावली फिकट झाली, पण बाजू बदलली नाही, कारण इतक्या कमी नॉइजमध्ये मोठे आकार हलत नाहीत. म्हणून नाकापुरता छोटा मास्क काढून तेवढाच भाग ०.७ ने वेगळा चालवला. तिथे ओळख पटवणारे काही नसल्याने मॉडेलला मोकळीक देता आली.

आता उरले आहे ते दाण्याचे, म्हणजे फोटोतल्या बारीक ठिपक्यांचे, काम. फोटो मोबाइलचा असल्यामुळे बाराबंदीच्या पांढऱ्या कापडावरही बारीक दाणा दिसतो, आणि नव्या गालावर तो अजिबात नाही. दुप्पट मोठे करून पाहिल्यास तो भाग मेणासारखा गुळगुळीत भासतो. शेजारच्या चेहऱ्याच्या सपाट भागातून दाण्याची तीव्रता मोजून तितकीच नॉइज मास्कच्या आत मिसळून पाहत आहे. मात्र जेपीजीचे आठ-आठ पिक्सेलांचे ठोकळे साध्या नॉइजने जुळत नाहीत, त्यामुळे तेवढा भाग मूळ फाइलइतक्याच क्वालिटीने एकदा सेव्ह करून मग जोडावा लागेल असे दिसते.