तुम्ही विचारलंत म्हणून: रात्री साडेबाराचा मेसेज

“ब्रेकअपला आठ महिने झाले. काल रात्री साडेबाराला अचानक त्याचा मेसेज आला: ‘जागी आहेस? सहज आठवण आली. कशी आहेस? 🙂’ याचा अर्थ काय घ्यायचा? आणि उत्तर काय देऊ, म्हणजे त्यालाही आशा लागणार नाही आणि मलाही?”

आधी त्या मेसेजमध्ये काय लिहिलंय ते बघू, कारण रात्री असा मेसेज वाचताना आपण लिहिलेलं कमी आणि न लिहिलेलं जास्त वाचतो. ‘जागी आहेस?’ म्हणजे तू आत्ता, या घटकेला बोलायला मोकळी आहेस का. ‘सहज आठवण आली’ म्हणजे मला काहीतरी वाटलं, पण त्याची जबाबदारी मी घेत नाहीये. तुम्ही गप्प राहिलात तरी त्याला ‘सहजच तर विचारलं होतं’ म्हणता येईल. ‘कशी आहेस?’ हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतो. एवढंच. तुम्ही वेगळे का झालात याबद्दल त्यात अवाक्षर नाही, आणि पुढे काय करायचंय तेही नाही.

ज्याला खरंच परत यायचं असतं किंवा माफी मागायची असते, त्याच्या मेसेजमध्ये बहुतेक वेळा एखादी नेमकी गोष्ट असते. ‘त्या भांडणात मी तुझं ऐकूनच घेतलं नाही. तुला चालणार असेल तर एकदा भेटून बोलायचं आहे.’ असं वाक्य दुपारी तीनलाही पाठवता येतं, आणि सकाळी उठून पुन्हा वाचल्यावर पाठवणाऱ्याला ते पुसून टाकावंसं वाटत नाही. तुम्हाला आलेला मेसेज तसा नाही. त्यावरून त्या रात्री त्याची मनःस्थिती कशी होती याचा थोडा अंदाज येतो. त्याने काही ठरवलंय का, हे मात्र कळत नाही.

मग त्याच्या मनात होतं तरी काय? एकटं वाटलं असेल, जुने फोटो समोर आले असतील, नव्या नात्यात खटका उडाला असेल, वाईट वागल्याची बोच लागली असेल, किंवा खरंच फक्त ख्यालीखुशाली विचारायची असेल. तीन वाक्यांवरून यातलं काय खरं हे ओळखता येत नाही, आणि त्यात तुमची समज कमी पडते असं मुळीच नाही. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली या मानसशास्त्रज्ञांनी आपल्या सहकाऱ्यांसह 2005 मध्ये ईमेलवर काही प्रयोग प्रसिद्ध केले. लिहिणाऱ्यांना आपला सूर, म्हणजे मनापासून की उपरोधाने, समोरच्याला सहज कळेल अशी खात्री वाटत होती. प्रत्यक्षात तो कळण्याचं प्रमाण त्यांच्या अपेक्षेपेक्षा बरंच कमी निघालं. शब्द तेच असले तरी आवाज नसतो. म्हणून स्क्रीनशॉट मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकून अर्थ लावत बसू नका. पाच जणी पाच अर्थ सांगतील, आणि तुम्हाला हवा असलेला अर्थ सांगणारी तुम्हाला सगळ्यांत शहाणी वाटेल.

मला या प्रकरणात हाती लागलेली खरी उपयोगाची गोष्ट अशी: अर्थ शोधायचा सोडून द्यायचा आणि त्याच्या मनात यातलं काहीही असलं तरी योग्यच ठरेल असं उत्तर लिहायचं.

त्यासाठी पहिलं काम म्हणजे ते रात्री न पाठवणं. त्याला ताटकळत ठेवण्यासाठी हे करायचं नाही. रात्री साडेबाराला ‘हो, जागी आहे’ म्हटलं की गप्पा दोनपर्यंत जातात, आणि दोन वाजेपर्यंत झालेल्या गप्पा हीच एक जवळीक होऊन बसते, मग त्यात बोलणं काहीही झालेलं असो. मेसेज उघडला गेला, निळ्या टिक दिसल्या, तरी हरकत नाही. रात्री मेसेज वाचून झोपून जायचा हक्क कुणालाही आहे. मनात आलेलं उत्तर हवं तर नोट्समध्ये लिहून ठेवा. चॅटमध्ये टाइप करत बसू नका, त्याला ‘टायपिंग’ दिसतं.

सकाळी स्वतःला एकच विचारा: मला तो परत हवा आहे का? उत्तर ‘हो’ असेल तर मैत्रीचा आव आणू नका. त्याला दिवसा सरळ विचारा, ‘तुला पुन्हा एकत्र येण्याबद्दल बोलायचंय का?’ त्याचं ‘नाही’ ऐकणं अवघड आहे, पण महिनोन्महिने स्मायलींचे अर्थ लावण्यापेक्षा ते लवकर संपतं.

नको असेल, तर शब्दांकडे बारकाईने बघावं लागतं. मला असाच मेसेज आला होता तेव्हा मनात आलेलं पहिलं उत्तर होतं, ‘अरे, किती दिवसांनी! मलाही परवाच तुझी आठवण आली. तू बोल, काय चाललंय?’ मनापासूनचं होतं, पण त्यात परत बोलावणाऱ्या तीन गोष्टी होत्या: आनंद, माझी आठवण, आणि शेवटी प्रश्न. प्रश्नाला उत्तर येतंच. दुसरं सुचलं ते ‘मला असे मेसेज करू नकोस’. त्यावर ‘का? मी काय केलं?’ आलं असतं आणि भांडणाच्या वाटेने तेच संभाषण सुरू झालं असतं. सकाळी दहा वाजता पाठवलं ते असं होतं:

‘मेसेज सकाळी पाहिला. मी बरी आहे, काम नीट चाललंय. तुझंही चांगलं चालू दे. काही काम असेल तर दिवसा लिही, पण सहज गप्पा नकोत, ते मला जमणार नाही.’

मूळ मसुद्यात ‘सध्या जमणार नाही’ होतं. ‘सध्या’ काढून टाकलं. ‘सध्या’, ‘अजून’, ‘एवढ्यात’ हे शब्द आपण समोरच्याला लागू नये म्हणून घालतो, आणि तो त्यांनाच धरून वाट बघत बसतो. बाकी उत्तरात त्याने विचारलं तेवढं सांगितलंय, त्याचं भलं चिंतलंय, स्वतःहून प्रश्न एकही नाही.

यावर जे येतं त्यातून मूळ मेसेजपेक्षा जास्त कळतं. ‘ठीक आहे, काळजी घे’ आलं तर ख्यालीखुशालीच होती म्हणायची, आणि तीही पूर्ण झाली. ‘एवढी परकी का झालीस?’ आलं तर त्याला ऊब हवी होती. त्याला उत्तर द्यायची गरज नाही, तुमचं सांगून झालंय. काही आठवड्यांनी पुन्हा रात्री मेसेज आला तर तुम्ही किती ठाम राहता यावर सगळं आहे. मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की दाणा दर वेळी मिळत असेल आणि मग बंद झाला, तर प्राणी प्रयत्न लवकर सोडतात. कधी मिळतो, कधी नाही, असं असेल तर तो बंद झाल्यावरही खूप काळ प्रयत्न करत राहतात. चार वेळा गप्प राहून पाचव्यांदा रात्रभर बोललात तर तेच होतं, आणि हे तुमच्या मनालाही तितकंच लागू आहे.

दोन प्रसंगी यातलं काहीच लावू नका. नात्यात मारहाण, धमक्या किंवा पाठलाग झाला असेल तर उत्तरच देऊ नका. स्क्रीनशॉट जपून ठेवा, विश्वासातल्या माणसाला सांगा, ब्लॉक करा. आणि मेसेजमध्ये जीव देण्याची भाषा असेल तर सकाळची वाट बघू नका. त्याच रात्री त्याच्या घरच्यांना किंवा जवळच्या मित्राला फोन करून कळवा, आणि त्यांच्यापैकी कुणी लागलं नाही तर पोलिसांच्या आपत्कालीन नंबरवर.