माझाच फंड मागे का? सल्लागारांना पाठवलेला ईमेल आणि त्यानंतरची आकडेमोड

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब लिहिण्याचे काम मी करतो, त्यामुळे आकड्यांची मला भीती वाटत नाही. तरीही गेल्या सप्टेंबरमध्ये एका रात्री साडेअकरा वाजता मी सल्लागारांना जो ईमेल पाठवला, तो आज वाचताना ओशाळल्यासारखे होते. ‘सर, जून 2019 पासून दरमहा 5,000 रुपये ज्या म्युच्युअल फंडात घालतो आहे, त्याचा तीन वर्षांचा परतावा 14.2 टक्के आहे आणि त्याच्या बरोबरीचे फंड 18 ते 21 टक्के देत आहेत. उद्याच सगळे काढून घेऊ का?’ सोबत मोबाइलवरील यादीचे छायाचित्र जोडले होते.

उत्तर दुसऱ्या दिवशी आले, आणि त्यात दिलासा नव्हता, फक्त प्रश्न होते. ‘यादीतील पाच फंड कोणत्या गटातील आहेत? तुमची योजना रेग्युलर की डायरेक्ट? आणि फंडाने तुलनेसाठी स्वतःचा निर्देशांक कोणता जाहीर केला आहे? हे पाहून पुन्हा लिहा.’ मला थोडा रागच आला, पण रविवारी बसलो.

गटाच्या प्रश्नातच माझी पहिली चूक निघाली. माझा फंड फ्लेक्सी कॅप गटातील आहे, म्हणजे किमान 65 टक्के रक्कम शेअर्समध्ये ठेवली की लहान-मोठ्या कंपन्यांचे प्रमाण व्यवस्थापकाने ठरवायचे. यादीतील दोन फंड मात्र मल्टी कॅप होते, ज्यांना सेबी या बाजार नियामकाच्या नियमानुसार मोठ्या, मध्यम आणि लहान कंपन्यांत प्रत्येकी किमान 25 टक्के ठेवावेच लागतात, आणि एक तर सरळ मिड कॅप होता. बाजारमूल्यानुसार पहिल्या 100 कंपन्या मोठ्या, 101 ते 250 मध्यम आणि त्यापुढील लहान, अशी ही विभागणी आहे. मधल्या काळात लहान-मध्यम कंपन्या जोरात वाढल्या होत्या आणि माझ्या फंडाचे 72 टक्के पैसे मोठ्या कंपन्यांत होते. हळकुंड आणि गड्डा यांचे दर एकाच रकान्यात लिहून ‘आपल्याला भाव कमी मिळाला’ म्हणणाऱ्या शेतकऱ्याला मी रोज समजावतो, आणि इथे मी तेच केले होते.

दुसरा प्रश्न अधिक झोंबला. यादीतले सगळे आकडे डायरेक्ट, म्हणजे वितरकाविना थेट घेतलेल्या योजनांचे होते, तर माझी योजना रेग्युलर निघाली, कारण ती 2019 मध्ये एका बँकेच्या काउंटरवर सुरू झाली होती आणि त्यात वितरकाचे कमिशन दरवर्षी खर्चात धरले जाते, हे मला तिथे कोणी सांगितले नव्हते. त्याच फंडाच्या डायरेक्ट योजनेचा परतावा 15.1 टक्के होता. म्हणजे सुमारे 0.9 टक्क्याची तूट व्यवस्थापकाची नव्हे, माझ्या अर्जाची होती.

तरीही फंडाने जाहीर केलेल्या निफ्टी 500 या निर्देशांकाच्या, लाभांश धरून काढलेल्या सुमारे 16 टक्क्यांशी तुलना केली की डायरेक्ट योजनाही 0.9 टक्क्याने मागेच राहत होती. हे लिहून कळवल्यावर सरांनी फंडाची मासिक पत्रके सहा-सहा महिन्यांच्या अंतराने उघडून रोख रकमेचा आकडा टिपायला सांगितले. तो सरासरी 11 टक्के भरला. ही रक्कम साधारण 6.5 टक्क्यांनी वाढते आणि बाजार 16 टक्क्यांनी वाढला, तर फरक 9.5, त्याचे 11 टक्के म्हणजे जवळजवळ 1. उरलेली तूट इतक्या साध्या गुणाकारात बसली. (निर्देशांकाला खर्चही नसतो, ते वेगळेच.) हीच रोख पडत्या बाजारात आधार देते. मार्च 2020 मध्ये निफ्टी जानेवारीच्या उच्चांकापासून सुमारे 38 टक्के घसरला, तेव्हा माझा फंड 29 टक्के पडला होता, आणि त्या वेळी मी एकही हप्ता थांबवला नव्हता, हे मी विसरूनच गेलो होतो.

फंड विकण्याचे कारण सरांच्या मते फक्त एक असू शकले असते: व्यवस्थापक किंवा त्याची पद्धत बदललेली असणे. पत्रकांत तसे काही दिसले नाही. मात्र योजना बदलायला हवी होती, आणि रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे ही करासाठी विक्रीच धरली जाते, हे त्यांनी बजावले. मी भरलेले 3.8 लाख वाढून सुमारे 6.3 लाख झाले होते, म्हणजे नफा अडीच लाखांच्या आसपास, तर शेअर फंडांच्या दीर्घकालीन नफ्यावर वर्षाला 1.25 लाखांपर्यंत कर नाही आणि त्यापुढे 12.5 टक्के आहे. म्हणून नवे हप्ते लगेच डायरेक्टमध्ये सुरू केले आणि जुनी युनिट दोन भागांत हलवायची ठरवली. आधी घेतलेली युनिट आधी विकली जातात आणि त्यांत नफा जास्त असतो, त्यामुळे पहिला भाग रकमेने लहान येतो. तो 31 मार्चच्या आत आणि दुसरा एप्रिलमध्ये करायचा. वर्ष न भरलेल्या हप्त्यांना 1 टक्का निर्गमन शुल्क होते, ते तसेच राहू दिले.