दुसऱ्याचा अर्धवट डेक आणि हातात एक संध्याकाळ

सहकारी घरच्या तातडीच्या कारणाने रजेवर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती करणार होती ते प्रेझेंटेशन माझ्या गळ्यात पडलं. विषय वरवर माहीत होता. ग्राहकांच्या तक्रारी हाताळायची नवी पद्धत एका टीममध्ये तीन महिने चालवून पाहिली होती, ती आता सगळ्या टीमना लावायची का, हे मीटिंगमध्ये ठरायचं होतं. फाइलमध्ये ३१ स्लाइड्स होत्या. काही चकाचक, काहींवर नुसतं शीर्षक, दोन-तीन ठिकाणी पिवळ्या चौकटीत ‘आकडा टाकायचाय’.

अशी फाइल पहिल्या स्लाइडपासून दुरुस्त करत गेलं की सुरुवातीच्या दहा सुंदर होतात आणि ज्यावर निर्णय व्हायचा त्या शेवटच्या स्लाइड्सना मध्यरात्रीचे उरलेसुरले डोळे मिळतात. म्हणून मूळ फाइल तशीच ठेवून तिची प्रत केली आणि Outline View उघडला. तिथे चित्रं, तक्ते काही दिसत नाहीत, फक्त मजकूर दिसतो, त्यामुळे सजावटीला भुलायचा प्रश्नच येत नाही. फक्त एक लक्षात ठेवावं लागतं: ज्या लेखी मजकुरासाठी वेगळा टेक्स्ट बॉक्स काढलेला असतो तो तिथे येत नाही. एक स्लाइड मला रिकामी वाटली, प्रत्यक्षात ती गच्च भरलेली होती.

शीर्षकं वाचली. ‘सद्यस्थिती’, ‘आढावा’, ‘पुढील दिशा’. यातून काहीच कळत नव्हतं. मग कागदावर मीटिंगचे तीन प्रश्न लिहिले: फरक पडला का? तो नव्या पद्धतीमुळेच पडला का? सगळीकडे लावायला काय लागेल? प्रत्येक स्लाइड यातल्या एकाखाली बसवायची, नाही बसली तर बाहेर. प्रयोग कसा सुरू झाला, टीममध्ये कोण कोण होतं, सॉफ्टवेअरचे स्क्रीनशॉट, असं बरंच बाहेर पडलं. पुसून टाकलं नाही, वेगळ्या फाइलमध्ये हलवलं.

सहकारी दहा मिनिटं फोनवर बोलू शकत होती. ‘डेक समजावून सांग’ म्हटलं असतं तर पाचव्या स्लाइडवरच दहा मिनिटं संपली असती. मी तीनच गोष्टी विचारल्या. कुणाला काही कबूल केलंयस का? रिकाम्या स्लाइडवर काय येणार होतं? आणि कुठल्या आकड्यावर तुझा स्वतःचा विश्वास नाही? शेवटच्या प्रश्नावर ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, “एकोणिसावी. ती मी पुन्हा बघणार होते.”

सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. सहाव्या स्लाइडवर होतं, तक्रार सुटायला लागणारा सरासरी वेळ ४० तासांवरून २६ वर आला, म्हणजे ३५ टक्के घट. एकोणिसाव्या स्लाइडवर तोच वेळ ४० वरून ३० वर, म्हणजे २५ टक्के. दोन्ही गणितं बरोबर, पण गोष्ट एकच आणि उत्तरं दोन. असं दिसलं की आपल्याला सोयीचा आकडा ठेवून दुसरा उडवायचा मोह होतो, आणि नेमका उडवलेला आकडाच कुणाच्या तरी जुन्या मेलमध्ये सापडतो.

तिने पाठवलेली एक्सेल शीट उघडल्यावर कारण सापडलं. काही तक्रारी एकदा बंद होऊन ग्राहकाने पुन्हा उघडलेल्या होत्या. सहाव्या स्लाइडने वेळ मोजला होता पहिल्यांदा बंद होईपर्यंतचा. एकोणिसाव्या स्लाइडचे ‘नंतरचे’ ३० तास मात्र शेवटचं बंद होईपर्यंतचे होते, आणि ‘आधीचे’ ४० तास पहिल्या बंदचेच. दोन वेगळ्या मापांची वजाबाकी झाली होती. प्रयोगाच्या आधीच्या तक्रारीही शेवटच्या बंदपर्यंत मोजल्या तेव्हा सरासरी ४४ तास आली. ४४ वरून ३० म्हणजे साधारण ३२ टक्के घट. ग्राहकाच्या दृष्टीने तक्रार सुटते ती शेवटच्यांदा बंद होते तेव्हा, म्हणून मुख्य स्लाइडवर हाच आकडा घेतला, त्याखाली मोजणी कशी केली ते एका ओळीत लिहिलं, आणि पहिल्या बंदचे ४० आणि २६ शेवटी पुरवणीत ठेवले.

त्या आकड्याचा आलेखही नवा काढावा लागला. जुना चित्र म्हणून चिकटवलेला होता, मागे डेटा नव्हता, आणि उभा अक्ष २० पासून सुरू होत होता. त्यामुळे ४० चा दांडा २० इतका उंच आणि २६ चा जेमतेम ६ इतका दिसत होता, म्हणजे वेळ एक तृतीयांशापेक्षाही खाली आल्याचा भास. शून्यापासून दोन साधे दांडे काढले. दुसऱ्या एका आलेखात उलटी गंमत होती: Edit Data दाबल्यावर मागे अख्खी एक्सेल फाइल निघाली, ग्राहकांच्या नावांच्या शीटसकट. डेक मीटिंगनंतर सगळ्यांना मेलने जाणार होता. आलेख चांगला होता, म्हणून ठेवला, पण चित्र करून.

दुसऱ्या प्रश्नाला डेकमध्ये उत्तरच नव्हतं. शीटमधून एवढंच निघालं की प्रयोगाच्या तीन महिन्यांत आलेल्या तक्रारी आधीच्या तिमाहीइतक्याच होत्या, म्हणजे काम हलकं झाल्यामुळे वेळ कमी झाला असं नव्हे. इतर टीमशी तुलना केलेली नव्हती आणि एका संध्याकाळीत होणारही नव्हती. दोन्ही गोष्टी स्लाइडवर तशाच लिहिल्या.

काढायला जीवावर आलेली स्लाइड म्हणजे वेळापत्रकाची. कुठली टीम कुठल्या महिन्यात नवी पद्धत घेणार, रंगीत पट्ट्या, सुरेख आखणी. तिचे बरेच तास त्यात गेले असणार. पण फोनवर कळलं होतं की बहुतेक टीमप्रमुखांशी तारखांबद्दल बोलणं झालेलंच नाही. मीटिंगमध्ये ते समोर बसणार आणि त्यांच्या टीमच्या तारखा मी जाहीर करणार! त्याजागी प्रत्येक टीमला किती प्रशिक्षण लागेल आणि तक्रारींच्या प्रणालीत काय बदल लागतील एवढं ठेवलं, तारखा निर्णयानंतर.

जुनी आणि नवी पद्धत शेजारी दाखवणारी स्लाइड मात्र शब्दन् शब्द तिचीच राहिली. मी ती वेगळी लिहिली असती, पण मला ती बघून बोलता येत होतं, तेवढं पुरे. फॉन्ट, रंग, चिन्हं यांना हात लावला नाही. रात्री एकदा सगळं मोठ्याने बोलून पाहिलं आणि जिथे मी नुसता स्लाइड वाचून दाखवतोय असं वाटलं त्या स्लाइड्स पुरवणीत ढकलल्या. शेवटी मुख्य ११ आणि पुरवणीत ४ राहिल्या.

मीटिंगमध्ये एका मॅडमनी विचारलंच, “मला आधी ३५ टक्के सांगितलं होतं, ते कुठे गेलं?” पुरवणीतली स्लाइड काढून दाखवली, मोजणीतला फरक सांगितला आणि चर्चा पुढे सरकली. सगळ्या टीम नाही, पण आणखी दोन टीममध्ये नवी पद्धत लावायचं ठरलं.

सहकारी परतल्यावर काढलेल्या स्लाइड्सची फाइल तिला दिली, प्रत्येकीखाली का काढली ते एका ओळीत. स्क्रीनशॉट गेल्याचं तिला काही वाटलं नाही. वेळापत्रकावरून मात्र आमचं थोडं वाजलं, कारण एका टीमप्रमुखाने तिला तोंडी होकार दिला होता. पुढच्या आवृत्तीत ती स्लाइड परत आली, त्या एका टीमच्या पट्टीपुरती.