साडेसातला झोपणाऱ्या आजी

वैद्यकीय महाविद्यालयात मी संख्याशास्त्राचं काम बघते. निवासी डॉक्टर थिसिसचा डेटा घेऊन येतात, त्याचं विश्लेषण करायचं आणि तक्ते तपासून द्यायचे, असं माझं रोजचं काम. त्या दिवशी आलेली डॉक्टर मधुमेहाच्या रुग्णांची झोप आणि साखर यांचा संबंध बघत होती. प्रत्येक रुग्णाला तिने सात रात्रींची झोपेची डायरी भरायला दिली होती आणि एक्सेलमध्ये AVERAGE लावून प्रत्येकाची झोपायला जाण्याची सरासरी वेळ काढली होती.

तक्त्यात एका आजींपुढे 19:33 लिहिलं होतं.

"वय झालंय मॅडम, लवकर झोपत असतील," ती म्हणाली. पटण्यासारखं होतं. पण त्यांची मूळ डायरी गठ्ठ्यात वरच होती. सहा रात्री पावणेअकरा, आणि शनिवारच्या चौकटीत पेनाने "१२.२०, नातू आला". सातपैकी एकाही रात्री त्या पावणेअकराच्या आधी झोपल्या नव्हत्या. मग सरासरी साडेसात कुठून आली?

एक्सेल वेळ साठवतं ती दिवसाचा अंश म्हणून. मध्यरात्र म्हणजे 0, दुपारचे बारा म्हणजे 0.5, रात्री पावणेअकरा म्हणजे जवळजवळ 0.95. रात्री बारा वीसला हा आकडा पुन्हा शून्याजवळून सुरू होतो, 0.014. म्हणजे आजी नेहमीपेक्षा दीड तास उशिरा झोपल्या, तर एक्सेलच्या लेखी त्या त्याच दिवशी पहाटेच्याही आधी झोपलेल्या असतात. त्या एका रात्रीत चोवीस तास कमी धरले गेले, आणि सातने भागल्यावर सरासरी 3 तास 26 मिनिटं मागे गेली. खरी सरासरी 22:59, तक्त्यातली 19:33. फरक नेमका तेवढाच.

हा फरक मला फार उपयोगाचा वाटतो, कारण चूक त्यावरूनच ओळखता येते. सात रात्रींच्या डायरीत बारानंतरची प्रत्येक रात्र सरासरीला 3 तास 26 मिनिटं मागे ओढते. एक रात्र असेल तर माणूस संध्याकाळी झोपणारा दिसतो. तीन असतील तर सरासरी थेट दुपारी जाते. उलट, जो रोज एकला झोपतो आणि एकदाच अकरा चाळीसला, त्याची सरासरी येते पहाटे सव्वाचार. खरी असते पाऊण ते एकच्या मध्ये. रात्री जागणाऱ्या माणसाची ती वेळ म्हणून कुणालाही खरीच वाटेल.

मी विचारलं, दुपारची सरासरी आलेले रुग्ण कुठे आहेत? ते तिने वगळले होते. "दुपारी दीडला कोण झोपायला जातं? नोंद चुकली असणार असं वाटलं." ही गोष्ट मला सर्वांत जास्त लागली. चूक ढळढळीत दिसत होती ते रुग्ण अभ्यासाबाहेर गेले, आणि चूक झाकली गेली ते सगळे आत राहिले. बाहेर गेलेले नेमके कोण? ज्यांची झोपेची वेळ मध्यरात्रीच्या आगेमागे होत राहते ते. साखरेशी संबंध शोधायचा तर हीच माणसं हवीत.

वगळलेल्यांपैकी एकाची डायरी आम्ही दोघींनी समोर घेतली. त्याच्या सात रात्री अशा: 23:30, 23:45, 00:15, 22:50, 00:40, 23:20, 01:10. साधी सरासरी 13:39. तिने लगेच सुचवलं, मग मध्यक घेऊ या, त्यावर टोकाच्या आकड्यांचा परिणाम होत नाही. काढून बघितला तर 22:50. दिसायला निर्दोष उत्तर, पण ती त्या आठवड्यातली त्याची सर्वांत लवकरची रात्र होती. बारानंतरच्या तिन्ही रात्री क्रमात सुरुवातीला जाऊन बसल्या, म्हणून मधोमध तीच आली. खरा मध्यक 23:45. प्रमाण विचलनही तसंच फसलं होतं: बारा तासांहून जास्त, खरं पाहता पाऊण तासाच्या थोडं पुढे.

उपाय सोपा आहे. दिवस मध्यरात्री सुरू न करता दुपारी बाराला सुरू करायचा. 23:30 म्हणजे दुपारपासून साडेअकरा तास, 00:15 म्हणजे सव्वाबारा तास. आता उशिराची रात्र मोठ्या आकड्याची झाली. या आकड्यांची सरासरी घ्यायची आणि शेवटी पुन्हा बारा तास मिळवायचे. B ते H या स्तंभांत सात रात्री असतील तर:

```
=MOD(AVERAGE(IF(B2:H2<>"",MOD(B2:H2-0.5,1)))+0.5,1)
```

त्या गृहस्थाचं उत्तर आलं 23:56. जुन्या एक्सेलमध्ये हे सूत्र Ctrl+Shift+Enter दाबून द्यावं लागतं. आतला IF मी मुद्दाम ठेवते. तो नसेल तर न भरलेला रकाना शून्य धरला जातो, म्हणजे त्या रात्री माणूस बरोबर बाराला झोपला असं होतं, आणि ते उत्तर बघून कुणालाही शंका येत नाही.

तरीही मी तिला सरकवलेल्या वेळांचे सात स्तंभ वेगळे काढायला लावले. मध्यक आणि प्रमाण विचलन त्यांच्यावरूनच काढायचं होतं हे एक कारण. दुसरं असं की ते स्तंभ नुसते नजरेखालून घातले तरी बरंच कळतं. आम्हाला काही ठिकाणी अर्धा तास, पाऊण तास असे आकडे दिसले, म्हणजे माणूस दुपारी साडेबारा-पाऊणला झोपलेला. डायरीत होतं "साडेबारा". टंकताना 12:30 असं घातलं गेलं, आणि एक्सेलसाठी 12:30 म्हणजे दुपार. तिथे हवं होतं 0:30. दुपारपासून सहा तासांच्या आतला प्रत्येक आकडा आम्ही कागदाशी ताडून बघितला.

एक रुग्ण सुरक्षारक्षक होते. चार दिवस रात्री अकराला झोपले होते, तीन दिवस पाळी संपवून सकाळी नऊला. नव्या सूत्राने त्यांची सरासरी आली पहाटे 3:17. गणितात खोट नाही, पण त्या वेळी ते एकदाही झोपायला गेलेले नाहीत. त्यांच्या दोन प्रकारच्या रात्रींना एक सरासरी देण्यात अर्थच नव्हता. पाळीत काम करणाऱ्यांचा गट वेगळा काढायचं ठरलं. शिवाय त्यांच्यातला कुणी दुपारी बाराच्या आगेमागे झोपत असेल तर आमची दुपारची सीमाच त्याच्या झोपेच्या वेळेला कापेल, तिथे ती संध्याकाळी पाच-सहाला न्यावी लागेल. सीमा अशा वेळी हवी, जेव्हा त्या गटातलं कुणीच झोपायला जात नाही.

संध्याकाळपर्यंत वगळलेले रुग्ण परत आत घेतले आणि तक्ता नव्याने काढला. आजींपुढे 22:59 आलं. वय आणि लवकर झोपणं यांचा जो संबंध तिने चर्चेच्या प्रकरणात लिहिला होता, तो परिच्छेद तिने स्वतःच काढला. पुढच्या रुग्णांच्या डायरीत वेळेशेजारी "रात्री बाराच्या आधी / नंतर" अशी खूण करायची जागा ठेवली.